"इज गोइंग टू मार्केट": इंग्रजी लिहिताना आपला कर्ता कुठे गळतो?

बार्देशी

कळंगुटच्या बाजूला एका छोट्या हॉटेलात रिसेप्शनला आहे. शिफ्ट बदलताना आमच्याकडे एक वही भरतात, लॉगबुक. मॅनेजर केरळचे, त्यांना मराठी-कोंकणी येत नाही, म्हणून वही इंग्रजीत. लिहिणारी पोरं पेडणे-डिचोलीकडची, दहावीपर्यंत मराठीतच विचार करत आलेली. गेल्या आठवड्यात दुपारच्या पोराने लिहिलेल्या तीन ओळी जशाच्या तशा देतो:

हॅज गॉन टू मोपा फॉर पिकअप.
इज कमिंग बाय फोर.
हॅज टेकन की ऑफ २०४.

मॅनेजरनी वाचलं ते असं: ड्रायव्हर मोपाला विमानतळावर गेलाय, चारपर्यंत येईल आणि जाताना २०४ ची किल्ली चुकून सोबत घेऊन गेलाय. तेवढ्यात नवीन पाहुणे आले. खोली रिकामी आहे असं समजून मॅनेजरनी मास्टर कीने २०४ उघडून दिली. आत एक गृहस्थ गाढ झोपलेले. किल्ली त्यांनीच घेतली होती, लवकर चेक-इन करून. पुढचं काय ते समजून घ्या.

पोराला विचारलं तर तो म्हणतो, "मी बरोबरच लिहिलंय की." आणि मला ते वाचून खरंच कळलं होतं! मॅनेजरना मात्र नाही. प्रश्न असा की ही सवय मराठीतून येते का, आणि नेमकी कुठे अडते? "तो, ती लावा" एवढंच पोरांना सांगून भागेल का?

सुशेगाद

भागेल काय, सांगायचीसुद्धा गरज नाही. इंग्रज लोक पण कर्ता गाळतात. "गॉट इट", "सी यू", "डोन्ट नो", "होप यू आर वेल". सिनेमे बघा. आपणच उगाच शाळेतल्या मास्तरासारखे लाल पेन घेऊन बसतो. मॅनेजरनी फोन करून विचारायला हवं होतं.

शब्दखोर

माझ्या मते मूळ चूक वेगळीच आहे. "गोइंग टू मार्केट" मध्ये "द" नाही. "टेकन की" मध्येही "द" नाही. आपल्या लोकांना "अ", "ॲन", "द" कधीच जमत नाही, कारण मराठीत ते नाहीच. मी कंपनीत रिपोर्ट तपासतो, दहातले आठ "द" मलाच टाकावे लागतात.

बार्देशी

शब्दखोर, "द" टाकला असता तरी २०४ मधला माणूस झोपेतून उठायचा राहिला नसता. किल्ली कोणी घेतली हा प्रश्न आहे.

माशेलची

मी बरीच वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. बार्देशी, तुमच्या तीन ओळी फार छान सापडल्यात, कारण तिन्हींत कर्ता वेगवेगळ्या तऱ्हेने गळलाय. त्या पोराच्या डोक्यात जे मराठी होतं ते आधी लिहून बघू या:

मोपाला पिकअपला गेलाय.
चारपर्यंत येतोय.
२०४ ची किल्ली घेतलीय.

पहिल्या ओळीत "गेलाय" म्हटलं की मी नाही, तू नाही, ती नाही, कोणीतरी "तो". मी असतो तर "गेलोय" झालं असतं. म्हणजे कर्ता लिहिला नाही, तरी क्रियापदाने अर्धं काम केलं. दुसऱ्या ओळीत "येतोय". हे मीही असू शकतो आणि तोही. इथे क्रियापद गप्प बसलं, पण वरच्या ओळीतला "तो" अजून कानात आहे म्हणून आपण त्यालाच धरतो.

तिसरी ओळ बघा. "घेतलीय" हे कोणाशी जुळतंय? किल्लीशी. किल्ली स्त्रीलिंगी म्हणून घेतली; कुलूप असतं तर घेतलं, टॉवेल असता तर घेतला. मी घेतली, त्याने घेतली, तिने घेतली, पाहुण्यांनी घेतली, सगळीकडे "घेतली"च. फक्त तू असशील तर शेवटी "स" येतो, तुम्ही असाल तर "त". बाकी घेणारा कोण हे क्रियापदाला माहीतच नाही. आपण ओघाने ताडतो.

म्हणून "मराठीत क्रियापदावरून कर्ता कळतो, म्हणून आपण तो गाळतो" हे जे नेहमी सांगतात, ते पहिल्या ओळीपुरतं खरं. तिसऱ्या ओळीत तर मराठीतही काही कळत नाही, तरी आपण बिनदिक्कत गाळतो. आणि आता इंग्रजीत बघा, "हॅज गॉन", "हॅज टेकन". पहिल्या ओळीतली "गेलाय"ची मदत अर्धी गेली, तिसरीत तर मुळातच नव्हती. मॅनेजरच्या हाती सलग तीन बिनमालकाच्या ओळी आल्या. त्यांनी तिन्ही एकाच माणसाच्या नावावर टाकल्या. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

काणकोणकर

बाई, मस्त. पण एक शंका. ही पोरं घरी मराठी बोलतात की कोंकणी? पेडण्याची असतील तर घरात कोंकणीच असणार. आणि कोंकणीत "वतां" म्हटलं की मी, "वता" म्हटलं की तो. शेवटच्या नाकातल्या सुरावर फरक. म्हणजे तुमच्या दुसऱ्या ओळीतला गोंधळ कोंकणीत होत नाही. उलट "गेलो" म्हटलं की मराठीत मी आणि कोंकणीत "तो गेलो". आमच्या घरी मुंबईची सून आली तेव्हा यावरून दर चार दिवसांनी गंमत व्हायची. सासरे दारातून सांगायचे, "गेलो", आणि ती बघायची की हे तर इथेच उभे आहेत.

मग सवय मराठीची म्हणायची की कोंकणीची?

माशेलची

काणकोणकर बाब, गाळण्याची सवय दोघींचीही. किल्लीच्या ओळीत तर कोंकणीही आपल्यासारखीच वागते. "हांवें आंबो खालो", "ताणें आंबो खालो", दोन्हीकडे "खालो". खाणारा क्रियापदात नाही. त्यामुळे त्या पोराने कोंकणीतून "चावी घेतल्या" असा विचार केला असेल तरी निकाल तोच. कुठल्या भाषेतून आलं हे एका वहीवरून मी सांगणार नाही. शाळेत लिहायला शिकलेली भाषा लिहिताना वर येते असा माझा अनुभव, पण तो अनुभवच.

जुने_पणजीकर

आमचे वडील पोर्तुगीज माध्यमाच्या लिसेव शाळेत शिकलेले, १९६१ च्या आधीचे. त्यांचं इंग्रजी नंतरचं, आणि त्यांच्याही पत्रांत "इज रेनिंग हेवीली सिन्स मॉर्निंग" असं असायचं. आम्ही ते मराठीचं समजायचो. पण पोर्तुगीजमध्येही कर्ता लावत नाहीत. "व्होउ" म्हणजे मी जातो, "व्हाय" म्हणजे तो किंवा ती जाते. आणि पाऊस पडतो याला नुसतं "शोव्ह", एकच शब्द, पाडणारा कोणी नाही. तेव्हा गोव्यात या सवयीला दोन-तीन बाजूंनी पाणी मिळालेलं आहे.

बार्देशींची किल्ली पोर्तुगीजमध्ये हरवली नसती. मी घेतली तर "लेव्हेय", त्याने घेतली तर "लेव्होउ". क्रियापद सांगतं.

काणकोणकर

पणजीकर काका, हरवली असतीच! "लेव्होउ" म्हणजे त्याने, बरोबर. पण त्याने म्हणजे ड्रायव्हरने की पाहुण्याने? लिहिणाऱ्याने घेतली नाही एवढंच कळलं.

माशेलची

हेच मी लिहायला बसले होते. बार्देशी, "तो, ती लावा" सांगून भागेल का या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तिसरी ओळ "ही हॅज टेकन की ऑफ २०४" अशी लिहून बघा. व्याकरण सुधारलं. पण अर्थ? वर दोन ओळी ड्रायव्हर चाललाय, मग "ही" म्हणजे ड्रायव्हरच. आधी मॅनेजरना निदान शंका घ्यायला जागा होती, आता तीही गेली.

पोराच्या मनात तिसऱ्या ओळीत माणूस बदलला होता. ड्रायव्हर संपला, पाहुणा सुरू झाला. मराठी बोलताना आपण ते आवाजाने, हाताने, २०४ च्या दिशेला मान हलवून सांगतो. कागदावर मान हलत नाही. तेव्हा पोरांना असं सांगा: एकाच माणसाबद्दल पुढे चाललं असेल तर "ही" किंवा "शी" लावा, माणूस बदलला की नाव किंवा हुद्दा लिहा. "ड्रायव्हर हॅज गॉन टू मोपा. ही इज कमिंग बाय फोर. गेस्ट हॅज टेकन की ऑफ २०४." शब्दखोरांचे "द" नंतर टाकू.

शब्दखोर

टाकूच! :)

सुशेगाद

पण माझ्या मुद्द्याला कोणी हात लावला नाही. इंग्रज गाळतो ते चालतं आणि आम्ही गाळलं की चूक? ही गुलामी नाही का? आपलं इंग्रजी आपण आपल्यासारखं बोलू. सिंगापूरचे लोक बिनधास्त गाळतात.

माशेलची

सुशेगाद, तुम्ही दिलेली वाक्यं खरी आहेत. पण ती नीट बघा. "होप यू आर वेल", "डोन्ट नो" यांत गळलेला जवळजवळ नेहमी "मी" असतो. "सी यू" मध्येही बोलणाराच. इंग्रज चिठ्ठीत लिहील "गोइंग टू मार्केट, बॅक इन टेन मिनिट्स". "आय" गेला, त्याबरोबर "ॲम" पण गेलं. आपण मात्र कर्ता काढतो आणि "इज" मागे ठेवतो. इंग्रजी कानाला सुरुवातीचं "इज" म्हणजे प्रश्नाची घंटा. "इज शी कमिंग?" सारखं. "इज गोइंग टू मार्केट" ऐकलं की समोरचा क्षणभर थांबतो: हा मला विचारतोय की सांगतोय? आणि कोणाबद्दल?

दुसरं म्हणजे त्यांचं गाळणं वाक्याच्या अगदी तोंडाशीच. मध्ये नाही. "बिकॉज", "इफ", "व्हेन", "दॅट" यांच्या मागे कर्ता गाळलेला इंग्रज तुम्हाला सहसा सापडणार नाही. आपल्या मुलांचा रजेचा अर्ज मात्र ठरलेला: "ॲज वॉज इल, कुड नॉट कम टू स्कूल." कारण डोक्यात "आजारी असल्यामुळे शाळेत येऊ शकलो नाही" आहे. "असल्यामुळे" मध्ये मी, तू, तो काहीच नाही. ते रूप सगळ्यांना एकच. मुलगा शब्दाला शब्द ठेवतो आणि दोन्हीकडचा "आय" जातो.

सिंगापूरचं म्हणता ते खरं. तिथे सगळेच तसं बोलतात, म्हणून ऐकणाऱ्याला सवय आहे. बार्देशींच्या हॉटेलात दोघांना सवय आणि तिसऱ्याला नाही.

बार्देशी

पण बाई, मॅनेजर केरळचे. मल्याळममध्ये कर्ता लावतात का?

माशेलची

तेही गाळतात, आणि त्यांच्याकडे तर क्रियापद मी, तू, तो सगळ्यांना एकच. "वरुन्नु" म्हणजे येतो, येते, येतात, काहीही. म्हणजे त्यांना संदर्भावरून ताडायची सवय आपल्याहून जास्त. त्यांनी ताडलंच की! संदर्भ ड्रायव्हरचा होता.

नाईटड्यूटी

मी नर्स आहे, बांबोळीच्या बाजूला राहते. धागा वाचून जरा घाबरले, कारण आम्ही केस पेपरवर रोज असंच लिहितो. "हॅज फीवर सिन्स टू डेज. इज ऑन सलाइन. वॉज गिव्हन पॅरासिटामॉल." डॉक्टरही असंच लिहितात, चांगले शिकलेले. कोणी चूक काढलेली नाही. मग हेही मराठीचं समजायचं का? की आता सगळीकडे "पेशंट, पेशंट" लिहायचं?

माशेलची

ताई, काही बदलू नका. केस पेपरच्या डोक्यावर पेशंटचं नाव असतं. तो अख्खा कागद एकाच माणसाचा. परदेशातले डॉक्टरही नोंदी अशाच लिहितात. लॉगबुकच्या एका पानावर मात्र ड्रायव्हर, पाहुणे, प्लंबर, धोबी सगळे एकत्र.

पण तुमच्या कागदावरही एक जागा धोक्याची आहे. पेशंटशिवाय दुसरं माणूस आत आलं की. "हॅज टेकन रिपोर्ट्स होम" लिहिलं तर कोणी नेले? पेशंट तर खाटेवर आहे.

नाईटड्यूटी

हो, नातेवाईक! हे आमच्याकडे झालेलं आहे. रिपोर्ट मुलाने नेले की जावयाने, यावर अर्धी रात्र गेली होती. आता "सन" नाहीतर "सन-इन-लॉ" लिहितेच.

बार्देशी

नाईटड्यूटींच्या केस पेपरवरून सुचलं. आमच्या वहीला डावीकडे एक रकाना आखतो, त्यात आधी "कोण" ते लिहायचं, मग पुढचं वाक्य कसंही लिहा. पोरांना व्याकरण शिकवण्यापेक्षा हे सोपं.

काणकोणकर

रकाना चालेल. पण "इज नो वॉटर इन टँक" लिहिणारा रकान्यात काय लिहील?

माशेलची

अगदी! ही आणखी वेगळी तऱ्हा. पणजीकरांच्या वडिलांचा पाऊसही त्यातलाच. "टाकीत पाणी नाही", "उशीर झाला", "फार उकडतंय". या मराठी वाक्यांत आपण "कोण" गाळलेला नाही, कारण तिथे कोणी नव्हताच. उकडतंय, पण उकडवणारा कोण? इंग्रजीला मात्र वाक्याच्या तोंडाशी कोणीतरी बसवायलाच लागतं, मग ते "इट" किंवा "देअर" नावाचे बुजगावणे बसवतात. "इट इज रेनिंग", "देअर इज नो वॉटर".

म्हणून मुलांना "कर्ता शोधा" सांगून इथे उपयोग होत नाही. मुलगा शोधतो, सापडत नाही, आणि रिकामं सोडून देतो. प्रामाणिकपणे सोडतो. मी वर्गात यांची वेगळी उजळणी घ्यायचे: हवा, वेळ, अंतर आले की "इट", अमुक ठिकाणी अमुक आहे किंवा नाही म्हटलं की "देअर". बाकी ठिकाणी "कोण?" असा प्रश्न विचारायचा.

फोंड्याची_आई

माझ्या मुलाचं उलटं झालंय. सातवीत आहे. बाईंनी "सब्जेक्ट लिही, सब्जेक्ट लिही" म्हणून इतकं घोकून घेतलं की आता लिहितो "माय फादर ही इज वर्किंग इन वेर्णा", "माय ग्रँडमदर शी इज कुकिंग". आणि "ही केम अँड ही सॅट अँड ही एट अँड ही वेंट". हे बरोबर आहे का? मार्क जातात का?

माशेलची

हे होतंच. औषध जास्त झालं. "फादर" आला की कर्त्याची खुर्ची भरली, त्यावर पुन्हा "ही" बसवायचा नाही. तुमच्या मुलाला वहीत एकच करायला सांगा: प्रत्येक "इज", "वॉज", "हॅज"च्या डावीकडे बोट ठेवायचं आणि बघायचं की तिथे कोणी आहे का. कोणी नसेल तर बसवायचा, दोघं असतील तर एकाला उठवायचं.

"अँड"चं वेगळं. तोच माणूस पुढे काम करतोय तर "अँड"नंतर गाळायची इंग्रजीत पूर्ण मुभा आहे. "ही केम, सॅट डाऊन, एट अँड वेंट." चार "ही" लिहिले तर चूक नाही, पण वाचायला ठेचा लागतात. इथे त्याची मूळ सवय बरोबर होती, ती शाळेने मोडली.

मार्कांचं तपासणाऱ्यावर आहे. मी स्वतः "फादर ही" ला कापायचे, चार "ही"ना नाही.

शब्दखोर

मी "फादर ही" ला कापणार नाही. कोकणात, गोव्यात बोलताना आपण म्हणतोच, "बाबा, ते वेर्ण्याला असतात." बोलण्यात नाव आधी पुढे करून मग सांगायची पद्धत आहे. इंग्रज पण बोलताना करतो.

माशेलची

बोलताना करतो, मान्य. सातवीच्या निबंधात नाही.

सुशेगाद

बघा, शेवटी मास्तरच जिंकले. माझा एक प्रश्न राहिला. फोनवर कोणी विचारलं, "इज रमेश देअर?" तर मी "इज नॉट देअर" म्हणतो. इथे कोणाबद्दल ते दोघांनाही माहीत आहे, माणूस बदललेला नाही, कागदही नाही. हे का चूक?

माशेलची

कळण्याच्या दृष्टीने काहीच अडत नाही. इंग्रज इथे "नॉट हिअर" म्हणेल, म्हणजे कर्त्याबरोबर "इज"ही टाकेल. किंवा "ही इज नॉट हिअर" असं पूर्ण म्हणेल. तुमचं मधलं आहे. आणि हो, तुम्ही घरातून बोलताय, तेव्हा "देअर" नाही, "हिअर".

सुशेगाद

"नाही तिथे" असं आपण म्हणत नाही, हे खरं. पण "इज" मी ठेवणार.